एकोणीस नावांची राई

गेल्या वर्षी फाल्गुनात आत्याकडे गेलो होतो. बेळगाव जिल्ह्यात जांबोटी सोडून कणकुंबीच्या वाटेला लागलं की रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं झुकतात आणि एका वळणावर तांबड्या जांभ्याचा सडा उघडा पडतो. त्या सड्याच्या खालच्या अंगाला आत्याचं घर आहे. घराच्या वर, सड्याच्या कडेला एक जुनी राई आहे, आणि घराच्या खाली आडाजवळ झाडांचं एक लहानसं बेट. दोन्ही जागा साधारण सारख्याच, अर्ध्या एकराच्या आतबाहेर. वही घेऊन मी दिवसभर दोन्हीकडे फिरलो. वरच्या राईत झाडं-झुडपं मिळून 19 प्रजाती निघाल्या, खालच्या बेटात 11. संध्याकाळी पडवीत बसून मी आकडे नीट उतरवून काढत होतो आणि वरच्या राईपुढे मोठ्या समाधानाने बरोबरची खूण केली होती. आत्या पाल्याची पाटी डोक्यावर घेऊन बेटाकडून आली, पाटी उतरवली आणि वहीत डोकावून म्हणाली, “नावं मोजालाईस व्हय? मोज. पण नावं काय गोठ्यात घालता येतात?”

मी विचारलं, वरची राई एवढी दाट, पाला गुडघाभर साचलेला, मग तू खालूनच का आणतेस? पदराने मान पुसत ती म्हणाली, “वरचा पाला आणून काय करू? पाऊस सरला तरी हाय तसाच. उकिरडा उपसताना पानन् पान ओळखू येतंय. खालचा कसा, मे महिन्यात हातात घेतलं की माती.”

त्यानंतर पाटी तशीच ठेवून ती चुलीकडे गेली. मी मात्र त्या बरोबरच्या खुणेकडे बघत राहिलो.

नावं मोजायचं वेड मला आजोबांकडून आलं. ते खानापूरच्या बाजाराला चालत जायचे आणि वाटेत प्रत्येक झाडाला हात लावून नाव सांगायचे. ऐन दाखवून म्हणायचे, हाच पलीकडच्या गल्लीत मत्ती होतो. जांभूळ दाखवून म्हणायचे, हाच नेरळे. आमच्या या सीमेवरच्या मुलखात एकेका झाडाला दोन-दोन नावं. लहानपणी मला वाटायचं, जितकी नावं तितकं रान श्रीमंत. पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकताना तेच वाटणं शास्त्राच्या भाषेत पक्कं झालं: चौकट आखा, प्रजाती मोजा, जास्त प्रजाती म्हणजे जास्त विविधता, आणि जास्त विविधता म्हणजे परिसंस्था सशक्त. हे चूक नाही. पण रानाने कुजवायचं काम किती केलं, पाणी किती धरलं, माती किती बांधली, यांतल्या कशाचंच उत्तर नावात नसतं. ते पानाच्या जाडीत असतं, लाकडाच्या घनतेत असतं, मूळ किती खोल जातं त्यात असतं. माझ्या आत्याला हे पाटी उचलण्याच्या वजनावरूनच कळत असणार. मला ते कळायला सराफाचा काटा लागला.

त्या वेळी दोन्हीकडची पानं मी पिशवीत भरून आणली होती. पर्यावरणशास्त्रात पानाचं एक मोजमाप फार कामाला येतं, त्याला विशिष्ट पर्णक्षेत्र म्हणतात. ताज्या पानाचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्याच पानाच्या वाळलेल्या वजनाने भागायचं. म्हणजे झाडाने एक मिलिग्रॅम माल खर्चून किती चौरस मिलिमीटर पान उभं केलं, ते कळतं. पातळ, स्वस्त पान असेल तर आकडा मोठा. जाड, चिवट, वर्षानुवर्षं टिकायला बांधलेलं पान असेल तर आकडा लहान. हा एवढा साधा आकडा झाडाच्या जगण्याची पद्धत सांगून जातो. 2004 साली जगातल्या 175 ठिकाणच्या सुमारे अडीच हजार प्रजातींची पानं एकत्र मांडून अभ्यासकांनी दाखवलं की पानांचा एक अखंड पट्टा आहे: एका टोकाला झटपट कमावणारी, नायट्रोजनने भरलेली, लवकर गळणारी पानं, आणि दुसऱ्या टोकाला हळू कमावणारी पण दीर्घकाळ राहणारी. हवामान काहीही असो, झाडं याच पट्ट्यावर कुठेतरी बसतात.

पहिल्या खेपेला माझी मोजणी पार वाया गेली. पानं नुसत्या कापडी पिशवीत घालून बसने बेळगावला आणली. घरी पोचेपर्यंत ती आक्रसून कडेने वळली होती. क्षेत्रफळ कमी भरलं आणि सगळेच आकडे खाली आले. त्यातही पातळ पानं जास्त आक्रसतात, त्यामुळे दोन टोकांतलं अंतरच पुसट झालं. दुसऱ्या खेपेला ओल्या कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून आणली. झाडाच्या उन्हातल्या बाजूची, पूर्ण वाढलेली, कीड न लागलेली पानंच घेतली, कारण सावलीतलं पान त्याच झाडावर जास्त पातळ असतं. रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर आलेखाच्या कागदावर एकेक पान ठेवून पेन्सिलीने कड गिरवली आणि चौकटी मोजल्या. पांगाऱ्याने पंचाईत केली. त्याचं पान तीन दलांचं. एक दल म्हणजे पान की तिन्ही मिळून पान? मी दल हेच एकक धरलं आणि वहीत तसं लिहून ठेवलं, कारण असं लिहून ठेवलं नाही तर पुढे दुसऱ्याच्या आकड्यांशी जुळवताना घोळ होतो. मग मित्राच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत 70 अंशांवर तीन दिवस वाळवली आणि शहापुरातल्या एका ओळखीच्या सराफाकडे घेऊन गेलो. त्याने सोन्याच्या काट्यावर अंजनीचं पान ठेवलं. काच लावली. आकडा थरथरत थांबला.

अंजनीचं पान कधी हातात घेऊन बघा. गडद हिरवं, पॉलिश केल्यासारखं, दुमडलं तर कट्कन मोडतं. वैशाखात तिच्या फांद्यांना जांभळी-निळी फुलं नुसती चिकटून येतात, तेव्हा सडा ओळखू येत नाही. त्या पानाचं मोजमाप आलं 9 च्या आसपास. पांगाऱ्याचं दल त्याच्या शेजारी ठेवलं तर तळहाताएवढं, मऊ, बोटाला कापसासारखं लागणारं. त्याचं आलं 20 च्या पुढे. आणि मग वरच्या राईतली बाकीची नावं एकामागून एक काट्यावर चढली: जांभूळ, पारजांभूळ, पिसा, लोखंडी, करवंद. सगळी अंजनीच्याच शेजारपाजारची. वाऱ्या-उन्हाने भाजणाऱ्या त्या सड्याच्या कडेला दुसरं पान परवडतच नसावं. उलट खालच्या बेटातली 11 नावं पट्ट्यावर पार पसरली होती. एका टोकाला अंजनी आणि जांभूळ होतेच, मध्ये ऐन, किंजळ आणि बांबू, आणि दुसऱ्या टोकाला शिवण, उंबर, पांगारा.

एकोणीस नावं, पण पान जवळजवळ एकच.

हे आकड्यात मांडायची एक रीत आहे आणि ती मला फार आवडते. ती मांडणारे संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव 1920 साली हूविनहडगलीला जन्मले, म्हणजे आपल्याच कर्नाटकात, मल्लिगेच्या सुवासिक फुलांसाठी नावाजलेल्या गावात. 1982 साली त्यांनी विविधतेचं एक गणिती माप मांडलं, त्याला क्वाड्रॅटिक एन्ट्रॉपी म्हणतात. पुढे वनस्पतींच्या गुणधर्मांवर काम करणाऱ्यांनी ते उचललं. कल्पना अशी: डोळे मिटून रानातल्या पाल्यात हात घाला, एक पान उचला, परत ठेवा, पुन्हा एक उचला. त्या दोन पानांत सरासरी किती फरक पडेल? तोच रावांचा आकडा. सूत्र एवढंच:

Q = Σ Σ dᵢⱼ pᵢ pⱼ

यात Σ म्हणजे बेरीज, p म्हणजे त्या-त्या प्रजातीचा वाटा आणि d म्हणजे दोन प्रजातींच्या गुणधर्मातलं अंतर. सोपे आकडे धरून बघू. एका रानात चार प्रजाती, सगळ्यांचा वाटा सारखा, आणि पानांची मापं 8, 9, 10, 11. हिशेब केला तर Q येतो 1.25. दुसऱ्या रानात दोनच प्रजाती, निम्म्या-निम्म्या, मापं 9 आणि 21. दोन्ही खेपेला वेगळी पानं हाती लागण्याची शक्यता निम्मी, अंतर 12, म्हणून Q येतो 6. प्रजाती निम्म्या, पण विविधता जवळपास पाचपट. आता याच दुसऱ्या रानात जाड पानाचं झाड माजलं आणि वाटा 9 ला 1 असा झाला, तर नावं दोनच्या दोनच राहतात, पण Q घसरून 2.16 वर येतो. प्रजातींच्या यादीत ही घसरण दिसतच नाही. झाड मेलं तरच यादी हलते, आणि रानाचं काम बिघडायला तितका वेळ लागत नाही.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एका वाफ्यात इंटान, इंद्रायणी, बेळगाव बासमती अशी पाच भातं लावली तर पाच नावं होतील, पण पाचांची मुळं वीतभर मातीतच भांडणार. त्याऐवजी बेळगावच्या पूर्वेला काळ्या रानात ज्वारीत तूर टाकतात. नावं दोनच, पण तूर खोल जाते, हवेतला नायट्रोजन जमिनीत आणते आणि ज्वारी निघाल्यावर उरलेल्या ओलीवर उभी राहते. काम वाटून घेणं याला म्हणतात. 1997 साली परिसंस्थांचे अभ्यासक डेव्हिड टिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक इथे 289 वाफ्यांवर हेच तपासलं. प्रत्येक वाफा 13 मीटर बाय 13 मीटर. प्रजातींची संख्याही बदलली आणि कामाच्या पद्धतीवरून पाडलेले गटही बदलले: शेंगवर्गी, थंड हंगामातली गवतं, उष्ण हंगामातली गवतं, झुडपं आणि इतर. वाफ्यांतलं उत्पादन आणि नायट्रोजन यांचा उलगडा मुख्यतः होत होता तो कोणते गट आहेत आणि किती गट आहेत यावरून. ते ध्यानात घेतल्यावर प्रजातींच्या नुसत्या संख्येला सांगण्यासारखं फारसं उरत नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांच्या नावांची यादी आठवून उगाच वाईट वाटलं, जणू कोणीतरी ती खोडली होती.

पण पाल्याचं कोडं एवढ्याने सुटत नाही. बेटातला पाला लवकर कुजतो तो पानं वेगवेगळी आहेत म्हणून, की त्यांत पांगारा, उंबर जास्त आहेत म्हणून? या दोन गोष्टी दिसायला सारख्या आणि असायला अगदी वेगळ्या. पहिलीत विविधता काम करते. दुसरीत ज्याचा वाटा मोठा त्याचा गुण काम करतो, विविधतेचा काही संबंध नाही. दुसरी बाजू वनस्पतींचे अभ्यासक फिलिप ग्राइम यांनी 1998 साली ठामपणे मांडली होती: रानाचं काम त्यात वजनाने भारी असलेल्या झाडांच्या गुणांवर चालतं. पाल्याच्या बाबतीत त्यांचं पारडं जड वाटतं. 2008 साली जगभरातल्या 66 प्रयोगांतल्या 818 प्रजातींच्या पानांचा ताळा घातला गेला. एकाच हवामानात प्रजाती-प्रजातींच्या कुजण्याच्या वेगात जो फरक निघाला, तो हवामानामुळे पडणाऱ्या फरकापेक्षाही मोठा होता. कुजणं ठरवतं ते पान, हे खरं. आता पानांची मिसळ स्वतःहून काही ठरवते का?

हे बघायची रीत सरळ आहे, म्हणून मृगाच्या आधी मी ती करून पाहिली. मच्छरदाणीच्या नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या शिवल्या. काहींत 10 ग्रॅम वाळलेला अंजनीचा पाला, काहींत 10 ग्रॅम पांगाऱ्याचा, काहींत दोन्ही पाच-पाच. बेटाच्या सावलीत खुंट्या ठोकून जमिनीलगत बांधल्या. गणपतीत जाऊन सोडवल्या. अंजनीने 10 मधले जेमतेम 2 ग्रॅम सोडले होते, पांगाऱ्याने 7 च्या आसपास. मग मिसळीत साध्या सरासरीने साडेचार ग्रॅम जायला हवेत. तेवढेच गेले तर मिसळीने स्वतःचं काही केलं नाही. जास्त गेले तर पानांनी एकमेकांना मदत केली. मदत होते ती अशी की बुरशीचे धागे नायट्रोजनने भरलेल्या पातळ पानातून रसद उचलून जाड पानात नेतात, आणि जाड पानं थर फुगीर ठेवतात म्हणून आत हवा खेळते. माझ्या मिसळीतून 5 ग्रॅमच्या थोडे वर गेले होते. आनंद झाला, पण तो टिकला नाही. एका पिशवीत वाळवी शिरली होती, आणि उरलेल्यांतल्या पानांना तांबडी माती अशी चिकटली होती की धुतली तरी शिरांतून निघेना. ती माती वजनात धरली जाते. नीट करायचं तर उरलेला पाला भट्टीत जाळून राख तोलायची आणि मातीचा वाटा वजा करायचा. अर्ध्या ग्रॅमचा फरक मातीचा की मदतीचा, हे चार पिशव्या सांगू शकत नाहीत. 2004 साली अशा मिसळींचा जो एकत्र आढावा निघाला, त्यात सुमारे दोन-तृतीयांश मिसळी सरासरीपासून ढळलेल्या होत्या. बऱ्याच वेळा वेगाकडे, पण नेहमी नाही.

आणि मोजायला सोपं तेच आपण मोजतो, हा या सगळ्यातला खरा धोका. पान हाताला लागतं, मूळ लागत नाही. सड्यावरचा ऐन जांभ्याच्या भेगेतून मूळ कुठवर घालतो ते कोणी खणून बघितलंय? 2020 साली जर्मनीतल्या येना इथल्या गवताळ वाफ्यांवर 41 गुणधर्म घेऊन परिसंस्थेच्या 42 बाबींशी ताडून पाहिले गेले. वर्षावर्षांतल्या चढउतारातला सरासरी फक्त 12.7 टक्के भाग त्या गुणधर्मांनी उलगडला. हा आकडा मला रोज आठवतो. ज्यांनी आयुष्य पानं मोजण्यात घातलं त्यांनीच तो छापला. म्हणून वरच्या राईतली 19 नावं मी खोडली नाहीत. पानाच्या पट्ट्यावर ती एका जागी दाटली असतील. फळ कधी पिकतं, मूळ किती जातं, दुष्काळ कोण सोसतं, यांच्या पट्ट्यांवर ती कुठे बसतात हे मी तोललेलंच नाही. शिवाय एकाच कामाची सात झाडं असली की रोगाने दोन गेली तरी काम अडत नाही. माझी चूक मोजण्यात नव्हती. मोजून लगेच बरोबरची खूण केली, तिथे होती.

दिवाळीला पुन्हा गेलो तेव्हा मी आत्याला अगदी मनापासून सल्ला दिला. म्हटलं, आता माझ्याकडे आकडे आहेत. तू नुसता पांगारा आणि उंबर वेचत जा, खत सगळ्यात लवकर होईल. ती गोठ्यात होती. म्हशीच्या खालचा जुना थर दाताळ्याने ओढून बाजूला करत होती. वास उबदार आणि तिखट. तिने दाताळं भिंतीला टेकवलं आणि मला आत बोलावलं. “हात घाल,” म्हणाली. मी थरात हात घातला. वर काळसर लगदा, ओला, आणि खाली बोटांना जांभळा-अंजनीची पानं लागली, शाबूत, एकावर एक, मध्ये पोकळी राखून. “नुसता पांगारा घातला असतास, तर आषाढात चार दिसांत चिखल. जनावर कुठं बसणार? खुरं सडत्यात. आणि नुसता अंजनीचा घातला तर बसायला कोरडं, पण शेतात न्यायला काय न्हाई. दोन्ही लागतंय. बेटात दोन्ही एकदम मिळतंय, म्हणून तिथनं आणतोय.”

मी कुजण्याचं एकच काम धरून बसलो होतो. तिच्या गोठ्यात पाल्याला दोन कामं होती, चार महिने कोरडं ठेवायचं आणि आठव्या महिन्यात माती व्हायचं, आणि ती दोन कामं पट्ट्याच्या दोन टोकांची पानं करत होती. यातलं कोणतंही एक पान दुसऱ्याच्या जागी बसत नव्हतं.

हात धुवायला आडाकडे गेलो. बेटातला पांगारा पिवळा पडायला लागला होता. अंजनीवर अजून काहीच नव्हतं, तीच गडद पानं, सकाळच्या दवाने चकाकणारी. वही खिशातच होती. मी ती काढली, 19 आणि 11 च्या शेजारी एक नवा रकाना आखला आणि वर काय लिहावं ते न सुचून बराच वेळ तसाच उभा राहिलो. मागून आत्या रिकामी पाटी घेऊन आली आणि माझ्या पायाखालचाच पाला गोळा करू लागली.